डिस्क दिसते का, हे आधी बघा

संगणक सुरू केला आणि काळ्या पडद्यावर No boot device found अशी ओळ येऊन थांबली, की आपल्याकडे दोनच वाक्ये ऐकू येतात: ‘हार्डडिस्क गेली’ किंवा ‘विंडोज उडालं’. पहिल्या वाक्यानंतर लोक नवी डिस्क विकत घेतात, दुसऱ्यानंतर फॉरमॅट मारून नवे विंडोज टाकून घेतात. गोंदिया जिल्ह्यात ही वेळ नेमकी जून-जुलैत आली तर फार जड जाते. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात. उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा, नॉन-क्रीमीलेअरचा दाखला काढायला आमगाव, देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या सेवा केंद्रांसमोर रांगा लागतात, आणि त्याच दिवसांत विजा-वादळात लाईन सारखी जात-येत असते. रांग ताटकळलेली असताना जो उपाय सर्वांत झटपट वाटतो तो केला जातो. तो उपाय बहुधा फॉरमॅट असतो, आणि डिस्क खरोखर शेवटच्या घटका मोजत असेल तर वर्षांचे स्कॅन आणि अर्ज त्याच क्षणी हातचे जातात.

ही ओळ विंडोज लिहीत नाही. बटण दाबल्यावर पहिले काही सेकंद विंडोजचा काही संबंधच नसतो. मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये कायमचा बसवलेला प्रोग्राम आधी जागा होतो. त्याला सगळे बायोस म्हणतात. अलीकडच्या मशीनमध्ये त्याच्या जागी युईएफआय नावाची नवी पद्धत आली आहे, पण बोलण्यात बायोसच राहिले आहे. हा प्रोग्राम मेमरी आणि कीबोर्ड तपासतो, कुठल्या पोर्टला काय जोडले आहे ते पाहतो, आणि मग आपल्याकडच्या यादीच्या क्रमाने एकेका उपकरणावर विंडोज सुरू करणारा तुकडा शोधतो. जुन्या पद्धतीत तो डिस्कवरचा अगदी पहिला ५१२ बाइटचा भाग वाचतो आणि त्याच्या शेवटी `55 AA` ही खूण आहे का ते बघतो. नव्या पद्धतीत डिस्कवरच्या एका लहानशा, बहुधा १०० एमबीच्या, वेगळ्या भागात ही फाइल शोधली जाते:

```
\EFI\Microsoft\Boot\bootmgfw.efi
```

यादी संपली आणि कुठेच काही हाती लागले नाही, की ती ओळ उमटते. एचपीच्या मशीनवर हीच गोष्ट Boot Device Not Found आणि खाली 3F0 अशा रूपात दिसते, असेंबल केलेल्या बऱ्याच मशीनवर Reboot and Select proper Boot device असे येते. शब्द वेगळे, अर्थ एकच: मला सुरुवात करायला काही सापडले नाही.

सापडले का नाही, हे मात्र ती ओळ सांगत नाही. बायोस डिस्कपर्यंत पोचूच शकला नसेल, कारण मधली केबल ढिली आहे. पोचू शकला असता पण त्याने विचारलेच नसेल, कारण यादीत ती डिस्क नाही किंवा चुकीच्या पद्धतीने शोधले जात आहे. किंवा पोचला, विचारले, आणि डिस्कलाच उत्तर देता आले नाही. पहिल्या दोन बाबतींत तुमचा डेटा पूर्ण सुरक्षित असतो. तिसऱ्या बाबतीत मशीन चालू राहिलेला प्रत्येक तास धोका वाढवतो. म्हणून दुरुस्तीच्या आधी वेगळे करणे आले, आणि ते स्क्रूड्रायव्हर न उचलता सुरू होते.

सर्वांत आधी मशीनला लागलेले सगळे पेन ड्राइव्ह, कार्ड रीडर, बाहेरची हार्डडिस्क काढायची. सेवा केंद्रात गिऱ्हाइकाने फोटो द्यायला आणलेला पेन ड्राइव्ह मागच्या पोर्टात तसाच राहणे ही रोजची गोष्ट आहे. यादीत यूएसबी पहिल्या क्रमांकावर असेल तर काही मशीन त्या पेन ड्राइव्हपाशीच अडतात. तो काढून मशीन पुन्हा सुरू केले आणि विंडोज आले, तर काम तिथेच संपले.

नाही आले, तर बायोसच्या सेटअपमध्ये जायचे. मशीन सुरू होताच डेलवर F2, एचपीवर F10, असेंबल केलेल्या मशीनवर बहुधा Delete ही कळ टपटप दाबत राहायची. आत गेल्यावर काहीही बदलायचे नाही. फक्त एक गोष्ट शोधायची: डिस्कचे नाव. Storage, SATA Information, System Information अशा एखाद्या पानावर कुठल्या पोर्टला काय लागले आहे याची यादी असते. तिथे WDC किंवा ST ने सुरू होणारा मॉडेल क्रमांक आणि 1000 GB सारखे माप दिसते का? की Not Detected, Empty, None असे काही लिहिले आहे? मोबाइलने त्या पानाचा फोटो काढून ठेवावा. या एका पानाने तपासाच्या दोन वाटा होतात. नाव दिसत नसेल तर केबल, वीजपुरवठा किंवा डिस्कचे इलेक्ट्रॉनिक्स. तिथे बूट ऑर्डर कितीही बदलली तरी उपयोग नाही, कारण जे दिसतच नाही ते यादीत वर कसे आणणार? नाव स्पष्ट दिसत असेल तर आधी सेटिंग तपासायचे. आणि नाव कधी दिसते, कधी गायब होते, ही तिसरी स्थिती सर्वांत फसवी आहे. तिच्याकडे नंतर सविस्तर येतो.

नाव न दिसण्याचे एक उदाहरण तिरोडा रस्त्यावरच्या एका राईस मिलच्या ऑफिसातले. ऑफिस मिलच्या भिंतीला लागून, सीपीयूचा डबा खाली फरशीवर, मिल सुरू झाली की फरशी थरथरते आणि कोंड्याची बारीक धूळ सगळीकडे बसते. एका सकाळी ती ओळ आली. सेटअपमध्ये डीव्हीडी ड्राइव्हचे नाव होते, हार्डडिस्कचे नव्हते. डब्याला हात लावला तर आत डिस्क फिरत असल्याची बारीक कंपने जाणवत होती.

ही कंपने बरेच काही सांगतात. सॅटा डिस्कला दोन वेगळ्या केबली असतात. रुंद, १५ पिनांची केबल एसएमपीएसकडून वीज आणते. अरुंद, ७ पिनांची केबल मदरबोर्डशी बोलते, तीच डेटा केबल. वीज पोचली की डेस्कटॉपमधली मोठी डिस्क स्वतःहून फिरू लागते, डेटा केबल लागली आहे की नाही याची ती वाट बघत नाही. म्हणून डिस्क फिरते पण नाव दिसत नाही, तर संशय डेटा केबलवर आणि तिच्या पोर्टवर. डिस्क अगदी निपचित पडली असेल तर आधी वीज आणणारी केबल.

बोर्डावरचे बटण बंद करून प्लग काढला. मग सीपीयूचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ दिली आणि डब्याच्या पत्र्याला हात लावून अंगावरचा स्थिर विद्युतभार उतरवला. झाकण उघडल्यावर दिसले की डेटा केबल बाजूच्या पत्र्याने दाबून डिस्कपाशीच काटकोनात वाकली होती. तिला धातूची छोटी क्लिप नव्हती. क्लिप असलेली केबल बसताना टक् असा आवाज येतो आणि ती सहजी निघत नाही. बिनक्लिपची केबल केवळ घर्षणावर टिकून असते, आणि रोजच्या थरथरीत केसाएवढी सरकली तरी पुरते.

इथे बहुतेक जण केबल दाबून बसवतात, मशीन सुरू झाले की झाकण लावतात. मला ते पुरेसे वाटत नाही, कारण दाबताना तुम्ही एकाच वेळी दोन टोके हलवता आणि दोष केबलमध्ये होता, पोर्टात होता की निव्वळ बसण्यात, हे कळत नाही. मिलच्या मशीनमध्ये खात्रीची चाचणी हाताशीच होती. डीव्हीडी ड्राइव्हचे नाव सेटअपमध्ये दिसत होते, म्हणजे त्याची केबल आणि त्याचे पोर्ट नक्की चांगले. ती केबल डीव्हीडीच्या मागून काढून हार्डडिस्कला लावली, मदरबोर्डकडचे टोक तसेच राहू दिले. डिस्कचे नाव लगेच आले. मग जुनी केबल डीव्हीडीला लावून पाहिली, तर डीव्हीडी गायब. दोष डिस्कचा नव्हता, हे दोन्ही बाजूंनी सिद्ध झाले. क्लिपची नवी केबल शंभर रुपयांच्या आसपास मिळते. ती लावली, वळण सैल ठेवले आणि डबा फरशीवरून उचलून टेबलावर ठेवला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम इथे पाळला म्हणून डिस्क निर्दोष आहे, हे उत्तर निःसंशय मिळाले.

आता दुसरी वाट: नाव दिसते, पण मशीन सुरू होत नाही. गोरेगाव तालुक्यातल्या एका शाळेच्या ऑफिसात असे झाले. सेटअपमध्ये डिस्क व्यवस्थित दिसत होती, पण बूटच्या यादीत तिचे नावच नव्हते. त्याच पानावर तारीख कित्येक वर्षे मागची होती. लिपिकाला विचारले तर म्हणाले, “आठवडाभरापासून वेबसाइटच उघडत नव्हत्या जी. Your clock is behind असं काहीतरी येत होतं. तारीख नीट केली का दिवसभर चालायचं, सकाळी पुन्हा तेच.”

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक ३ व्होल्टचा सेल असतो, त्यावर सीआर २०३२ असे कोरलेले असते. प्लग लावलेला असताना घड्याळ एसएमपीएसच्या विजेवर चालते. प्लग काढला किंवा बोर्डाचे बटण बंद केले की सेलवर. आपल्याकडे विजांच्या भीतीने रोज रात्री मेन स्विचच बंद करतात आणि ते योग्यच आहे, पण त्यामुळे सेल रोज चौदा-पंधरा तास खर्च होतो. तो संपला की घड्याळ मागे जाते आणि बऱ्याच मशीनवर सेटिंगही कारखान्यातून आले तसे होते. शाळेतले विंडोज पूर्वी कुणीतरी जुन्या, पहिला ५१२ बाइटचा भाग वाचण्याच्या पद्धतीने टाकलेले होते. सेटिंग मूळपदावर जाताच मशीन फक्त नव्या पद्धतीची फाइल शोधू लागले आणि ती त्या डिस्कवर कधीच नव्हती. सेल बदलला, तारीख लावली, CSM हा पर्याय Enabled केला, डिस्क यादीत पहिली आणली. विंडोज जसेच्या तसे उघडले.

सेटिंगमध्ये बदल करण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो घ्यावा, म्हणजे मागे फिरता येते. लॅपटॉपवर बिटलॉकर चालू असेल तर अशा बदलांनंतर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का ते आधीच पाहून ठेवलेले बरे. आणि बूट ऑर्डर आपोआप कशी बदलली, या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय काम संपले असे समजू नये. सेल संपला, कुणी सेटअपमध्ये हात घातला, नवी डिस्क जोडली, असे काहीतरी कारण असायलाच हवे. घड्याळ बरोबर, सेटअपला कुणी हात लावलेला नाही, तरीही डिस्क यादीतून गळली, तर ती मधूनमधून दिसेनाशी होत असण्याची शक्यता धरून पुढचा तपास करावा.

आमगावच्या एका सेवा केंद्रातल्या मशीनची गोष्ट नेमकी अशी होती. १ टीबीची फिरती हार्डडिस्क, बरीच वर्षे वापरलेली. एका सकाळी ती ओळ आली. केंद्रचालकाने दोनदा रीस्टार्ट केले, मशीन सुरू झाले, दिवसभर दाखले निघाले. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. या वेळी त्याने झाकण उघडून दोन्ही केबली दाबल्या, मशीन सुरू झाले. “केबलच ढिली होती,” असे ठरले. दोन दिवस बरे गेले आणि मग पुन्हा ती ओळ. आता शेजाऱ्याचा सल्ला आला की विंडोज खराब झाले आहे, फॉरमॅट मारून घे.

केबल दाबल्यावर मशीन सुरू झाले, यातून केबल ढिली होती असे सिद्ध होत नाही. केबल दाबण्यासाठी त्याने आधी वीज तोडली, डिस्क थांबली, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. या नव्या सुरुवातीनेही एखादी थकलेली डिस्क तात्पुरती उभी राहते. दोन्ही शक्यता सारख्याच जुळतात, म्हणून वेगळे करणारी लक्षणे शोधावी लागतात. त्याला तीन गोष्टी विचारल्या. फेल कधी होते? तर फक्त सकाळी, रात्रभर बंद राहिल्यावर. Ctrl, Alt आणि Delete एकत्र दाबून रीस्टार्ट केले तर? बहुधा सुरू होते. आणि सुरू झाल्यावर कसे चालते? “फोल्डर उघडायला मिनिटभर लावते भाऊ. स्कॅन सेव्ह करताना तर मधेच थिजून राहते.”

यातले प्रत्येक उत्तर केबलपासून दूर नेणारे होते. ढिली केबल वेळापत्रक पाळत नाही. ती टेबलाला धक्का लागला, डबा हलला की बिघडते. थंड सुरुवातीला अपयश आणि लगेचच्या रीस्टार्टला यश, याचे कारण वेगळे असते. बायोस डिस्क तयार होण्याची ठरावीक सेकंदच वाट बघतो. मोटार जड झाली असेल, किंवा डिस्कला स्वतःच्याच चकतीवरची सुरुवातीची माहिती पुन्हापुन्हा वाचावी लागत असेल, तर ती वेळेत ‘तयार’ म्हणत नाही आणि बायोस पुढे निघून जातो. रीस्टार्टमध्ये मात्र वीज तुटत नाही, चकत्या आधीच पूर्ण वेगात असतात, म्हणून ती वेळेत सापडते. एसएमपीएसची १२ व्होल्टची बाजू कमकुवत असली तरी असेच दिसू शकते. पण फोल्डर उघडताना थिजणे हे वाचन अडत असल्याचे लक्षण आहे, म्हणून आधी डिस्कचीच साक्ष काढायची ठरवली.

प्रत्येक डिस्क स्वतःच्या चुकांची नोंद ठेवते. या नोंदवहीला स्मार्ट म्हणतात. ती वाचायला विंडोज लागत नाही. सिस्टमरेस्क्यू ही मोफत लिनक्स पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन सुरू केले. सेटअपमध्ये Secure Boot तेवढ्यापुरते बंद ठेवावे लागते. मग आधी कुठली डिस्क कोणत्या नावाने दिसते ते पाहिले आणि तिची वही उघडली:

```
lsblk -o NAME,SIZE,MODEL,SERIAL
smartctl -a /dev/sda
```

लांबलचक यादीतल्या चार ओळी कामाच्या होत्या. उजवीकडच्या RAW_VALUE या रकान्यात असे आकडे होते:

```
  5 Reallocated_Sector_Ct     136
197 Current_Pending_Sector     72
198 Offline_Uncorrectable      72
199 UDMA_CRC_Error_Count        0
```

शेवटच्या ओळीपासून वाचू. १९९ क्रमांकाचा आकडा केबलविषयी बोलतो. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यात जाणाऱ्या प्रत्येक पुडक्यासोबत एक पडताळणीचा आकडा जातो. वाटेत काही बिघडले आणि तो जुळला नाही, की इथे एकाची भर पडते. मधूनमधून संपर्क सोडणारी केबल हा आकडा वाढवत नेते. तो पुन्हा शून्य होत नाही, म्हणून एकदा वाचून काही ठरवता येत नाही; केबल बदलल्यावरही वाढतो का ते पाहायचे असते. आणि केबल पूर्णच निघालेली असेल तर पुडकेच जात नाही, त्यामुळे नोंदही होत नाही. इथे मात्र डिस्क अनेकदा जोडली जाऊन दिवसदिवस चालली होती आणि आकडा शून्य होता. कधी लागते, कधी सुटते अशा केबलने इतक्या दिवसांत काही ना काही खूण ठेवली असती.

वरच्या तीन ओळी चकतीविषयी बोलतात. डिस्कला एखादा भाग वाचता आला नाही की ती त्याला ‘प्रलंबित’ म्हणून १९७ मध्ये टाकते. पुढे त्या जागी नवे काही लिहायची वेळ आली आणि जागा खरोखर निकामी निघाली, तर राखीव जागेतला भाग तिच्या बदली दिला जातो आणि ५ क्रमांकाचा आकडा वाढतो. म्हणजे १३६ जागा आधीच गेल्या होत्या आणि ७२ जागांवरचा मजकूर या घडीला वाचता येत नव्हता. फोल्डर उघडताना मशीन थिजत होते ते याचमुळे: अशा जागी डिस्क पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहते, आणि तेवढा वेळ विंडोज ताटकळते. त्या ७२ पैकी एखादी जागा विंडोज सुरू करणाऱ्या फाइलखालची असेल, तर सकाळची ओळ त्यामुळेही येऊ शकते.

याच वहीत वरती एक ओळ होती: PASSED. पुष्कळ जण तीच वाचतात आणि डिस्क ठणठणीत समजतात. कंपनीने ठरवलेली शेवटची मर्यादा अजून ओलांडली नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. गूगलच्या एदुआर्दो पिन्हेरो, वोल्फ-डीट्रिश वेबर आणि लुईझ आंद्रे बारोझो यांनी २००७ मध्ये आपल्या केंद्रांतल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत वाचनाची पहिली चूक दिसल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट होती. याच अभ्यासातली दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी चार प्रमुख इशाऱ्यांपैकी एकही दिला नव्हता. म्हणून वाईट आकडे दिसले तर विश्वास ठेवावा. चांगले आकडे दिसले तर तेवढ्यावर निश्चिंत होऊ नये.

निदान झाले होते. फॉरमॅट आता का करायचा नाही, हेही त्यातच होते. फॉरमॅट करून विंडोज टाकणे म्हणजे मरणाऱ्या डिस्कवर काही जीबी नवे लिहिणे, तेही ज्या फाइली हव्या आहेत त्यांच्याच जागेवर. `chkdsk /r` सुद्धा इथे नको. ही आज्ञा पूर्ण डिस्क वाचत जाते, वाईट जागी रेंगाळते आणि नोंदींत बदल करते. जे करायचे ते प्रतीवर. मूळ डिस्कवर फक्त वाचन.

प्रत काढायला तेवढ्याच मापाची नवी एसएसडी आणली. फाइली एकेक करून कॉपी केल्या तर पहिल्याच वाईट जागेपाशी तासभर अडकायला होते. त्याऐवजी डीडीरेस्क्यू वापरले. ते आधी चांगला भाग भराभर उचलते, जिथे अडते तिथून उडी मारून पुढे जाते, आणि कुठली जागा राहिली याची नोंद एका नकाशा-फाइलीत ठेवते. डिस्क केव्हाही शेवटचा श्वास घेऊ शकते, म्हणून आधी सोपे ते मिळवणे हा क्रम फार मोलाचा आहे.

```
ddrescue -f -n /dev/sda /dev/sdb /mnt/pen/kendra.map
ddrescue -f -r3 /dev/sda /dev/sdb /mnt/pen/kendra.map
```

पहिल्या ओळीत sda ही जुनी आणि sdb ही नवी. ही दोन नावे उलटी पडली तर नव्या डिस्कचे रिकामेपण जुनीवर उतरते आणि सगळे पुसले जाते. म्हणून एंटर दाबण्याआधी सिरियल नंबर डिस्कवरच्या लेबलशी पुन्हा पडताळावा. नकाशा मुद्दाम दुसऱ्या पेन ड्राइव्हवर ठेवला होता. पेन ड्राइव्हवरून चालणारे लिनक्स स्वतःचे सगळे मेमरीत ठेवते, लाईन गेली की ते जाते. दुपारी लाईन गेलीच. यूपीएसने काही मिनिटे निभावले आणि मग मशीन बंद झाले. लाईन आल्यावर तीच आज्ञा पुन्हा दिली, आणि नकाशा पाहून काम सुटले होते तिथूनच पुढे सुरू झाले. निरोगी १ टीबी डिस्कला अशा प्रतीसाठी साधारण तीन-चार तास लागतात. हिला रात्र लागली. दुसऱ्या ओळीतल्या फेरीत उरलेल्या जागांवर तीनदा नव्याने प्रयत्न झाला आणि त्यांतल्या काही सुटल्या, काही नाहीच सुटल्या.

मग जुनी डिस्क काढून घेतली आणि नंतरच नवी सुरू केली. प्रत हुबेहूब असल्याने दोन्ही डिस्कची ओळख एकच असते, आणि एकत्र लावल्या तर विंडोज गोंधळते. नव्या डिस्कवर chkdsk चालवले, कारण इथे हरवण्यासारखे काही नव्हते. विंडोज आले. थोडे जुने स्कॅन उघडले नाहीत. ज्यांचे होते ते अर्जदार गावातलेच असल्याने कागद पुन्हा मागवता आले.

हे सगळे शक्य झाले, कारण डिस्क अजून वाचत होती. सुरू करताच डिस्कमधून ठरावीक लयीत टक्-टक् येत असेल, किंवा घासल्यासारखा आवाज असेल, तर वाचणारे हेडच बिघडले आहे. अशा वेळी प्लग काढायचा आणि पुन्हा लावायचा नाही. चकतीपासून हेडचे अंतर काही नॅनोमीटर असते. बिघडलेले हेड प्रत्येक फेरीत चकतीवरचा थर खरवडू शकते, आणि खरवडलेले परत मिळत नाही. मजकूर खरोखर मोलाचा असेल तर धूळविरहित खोली असलेल्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेत, फोममध्ये नीट गुंडाळून न्यावी. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला अजून ऐकू येतो. बाहेर काढताच चकतीवर दव धरते, पावसाळ्यातल्या आपल्या दमट हवेत तर नक्कीच. तो सल्ला पाळू नये.

एसएसडी मात्र यातला कुठलाच आवाज करत नाही. तिला मोटार नाही, आणि तिचा शेवट पुष्कळदा पूर्वसूचनेशिवाय होतो. काल चालू असते, आज सेटअपमध्ये नाव नसते. कधी नाव असते पण भलतेच: फायसन कंपनीची एस ११ चिप असलेल्या स्वस्त एसएसडी बिघडल्या की सेटअपमध्ये स्वतःच्या मॉडेलऐवजी SATAFIRM S11 असे दाखवतात. असे दिसले तर केबल आणि बूट ऑर्डर तपासण्यात वेळ घालवायची गरज नाही. लॅपटॉपमध्ये थेट मदरबोर्डवर बसणाऱ्या पट्टीसारख्या एसएसडीला केबलच नसते. तिथे केबलच्या जागी एकच तपासणी उरते, पट्टी खाचेत पूर्ण बसली आहे का आणि टोकाचा स्क्रू घट्ट आहे का.

आमगावच्या त्या जुन्या डिस्कचे काय करायचे, हा प्रश्न शेवटी उरला. तिच्यात शेकडो लोकांची आधार कार्डे, सातबारे, गुणपत्रिका होत्या. ती भंगारात देता येत नव्हती. फॉरमॅटनेही भागत नव्हते, कारण ज्या १३६ जागा राखीव जागांनी बदलल्या गेल्या त्यांच्यापर्यंत विंडोजचे लिखाण आता पोचतच नाही. त्यांत जे आहे ते तसेच राहते. वॉरंटी असती तरी डिस्क कंपनीकडे देणे म्हणजे तो मजकूरही सोबत देणे. केंद्रचालकाने ती महिनाभर कपाटात कुलपात ठेवली, एखादा कागद पुन्हा लागला तर असावी म्हणून. मग लोहाराकडच्या ड्रिलने झाकणासकट चकत्यांना आरपार भोके पाडून घेतली. ड्रिल चालवताना डोळ्यांवर चष्मा हवाच, काही डिस्कच्या चकत्या काचेच्या असतात आणि त्या फुटून उडतात.